डब्यात गेलेले पंधरा हजार

नागावला भाड्याने घेतलेला बंगला, शनिवारची रात्र आणि जेवणाच्या टेबलावर पसरलेली हिरवी चादर. आम्ही नऊ जण पोकर खेळायला बसलो होतो. ब्लाइंड ५०/१००, म्हणजे पत्ते वाटण्याआधी एकाने पन्नास आणि त्याच्या शेजाऱ्याने शंभर रुपये मध्ये ठेवायचे. प्रत्येकाने सुरुवातीला १०,००० रुपयांच्या चिपा घेतल्या. नऊला बसलो, पहाटे तीनला उठलो. मधे पाच जणांचे दहा हजार संपले आणि त्यांनी पुन्हा तेवढ्याच चिपा घेतल्या. म्हणजे टेबलावर एकूण १,४०,००० रुपये आले. उठताना प्रत्येकाच्या चिपा मोजल्या तेव्हा बेरीज आली १,२५,०००. पुन्हा मोजल्या. तेवढीच.

पंधरा हजार कुठे हरवले नव्हते. ते यजमानाच्या कोपरापाशी ठेवलेल्या स्टीलच्या डब्यात होते. डाव मिटला की तो त्यातून एक-दोन चिपा उचलून डब्यात टाकत होता. बंगल्याचं भाडं, जेवण आणि त्याचा थोडा मोबदला, असं त्याने आधीच सांगितलं होतं आणि आम्ही माना डोलावल्या होत्या. सहा तास ते डोळ्यांसमोर चालू होतं, पण एकालाही आकडा सांगता आला नसता. त्या रात्री हरलेल्या सहा जणांनी आपल्या वाईट पत्त्यांबद्दल तासभर चर्चा केली. डब्याबद्दल कुणी बोललं नाही. त्या रात्रीपासून मी नालेचा हिशेब ठेवू लागलो. हा लेख त्याच हिशेबातून आला आहे.

नाल हा आपल्याकडचा जुना शब्द. पत्त्यांचा अड्डा चालवणारा जिंकलेल्या रकमेतून जो हिस्सा कापतो ती नाल. पोकरच्या जगात तिला रेक म्हणतात. रमीत, तीन पत्तीत आणि पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात, घर खेळत नाही. रुलेटच्या चाकाजवळ घर तुमचा प्रतिस्पर्धी असतं, पोकरच्या टेबलावर ते फक्त जागा, पत्ते आणि डीलर पुरवतं. त्यामुळे त्याची कमाई नालेतूनच होते. नाल नसेल तर नऊ जणांच्या नफा-तोट्याची बेरीज शून्य येते. नाल असली की ती बेरीज दर तासाला उणे होत जाते, आणि सगळ्यांनी मिळून ती उणे बाजू भरायची असते.

सगळ्यात प्रचलित पद्धत पॉटमागे टक्केवारीची. मध्ये जमलेल्या पैशाला पॉट म्हणतात. त्यातून, समजा, पाच टक्के कापायचे, पण एका डावात ५०० रुपयांच्या वर नाही. या वरच्या मर्यादेला कॅप म्हणतात. बहुतेक ठिकाणी आणखी एक नियम असतो. पहिले तीन सामाईक पत्ते, म्हणजे फ्लॉप, उघडण्याआधीच डाव संपला तर नाल नाही. आमच्या यजमानाचेही नियम हेच होते, फक्त एक भर होती. त्याच्याकडे ५० रुपयांपेक्षा लहान चिप नव्हती, म्हणून तो आकडा वरच्या पन्नासाला पूर्ण करायचा. हे किरकोळ वाटतं. पुढे त्याचा परिणाम बघू.

आधी तासाचा हिशेब. हाताने पत्ते वाटणाऱ्या टेबलावर तासाला साधारण २५ डाव होतात. त्यातले वीस फ्लॉपपर्यंत गेले असं धरा. सरासरी पॉट २,५०० रुपयांचा, त्याचे पाच टक्के १२५. वीस डावांचे २,५०० रुपये. म्हणजे टेबलावरून दर चार तासांनी दहा हजार, एका माणसाची अख्खी खरेदी, नाहीशी होते. सहा तासांत पंधरा हजार. आमच्या डब्यात नेमके तेवढेच निघाले. नऊ जणांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला तासाला सुमारे २७८ रुपये येतात.

पोकरवाले कमाई बिग ब्लाइंडमध्ये मोजतात, म्हणजे इथे शंभर रुपयांच्या एककात. हे माप उपयोगी आहे, कारण त्यामुळे लहान आणि मोठ्या टेबलाची तुलना करता येते. त्या भाषेत नाल तासाला पावणेतीन बिग ब्लाइंडहून किंचित जास्त होते. आता एक चांगला खेळाडू घ्या. समोरच्या आठ जणांच्या चुकांतून तो तासाला सरासरी चार बिग ब्लाइंड, म्हणजे ४०० रुपये, काढू शकतो. मित्रांच्या टेबलावर ही कुवत चांगलीच म्हणायची. नालेचे २७८ गेल्यावर त्याच्या हाती १२२ राहतात. कमाईच्या दोन तृतीयांशाहून जास्त डब्यात गेली. जो तासाला अडीच बिग ब्लाइंड काढतो, तो इतरांपेक्षा बरा खेळूनही हरणारा ठरतो.

वर्षभराचं गणित याहून बोलकं आहे. आठवड्याला दोन रात्री, सहा-सहा तास, वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर ६०० तास आणि पंधरा हजार डाव होतात. या चांगल्या खेळाडूने २,४०,००० मिळवायला हवेत. नालेत १,६६,००० च्या वर जातात. हाती सुमारे ७३,००० उरतात. पण पोकरमध्ये नशिबाचा झोकाही असतो. अशा टेबलावर शंभर डावांमागे निकाल सरासरीपासून साधारण ८० बिग ब्लाइंड इकडे-तिकडे होतो असं धरलं, तर पंधरा हजार डावांवर हा झोका जवळपास लाखभर रुपयांचा होतो, वर किंवा खाली.

आता नाल नसलेलं वर्ष आणि नाल असलेलं वर्ष शेजारी ठेवून पाहू. नाल नसेल तर २,४०,००० ची अपेक्षा आणि लाखाचा झोका. असा माणूस वर्षअखेर तोट्यात जाण्याची शक्यता शंभरात एखादी. नाल असेल तर ७३,००० ची अपेक्षा आणि झोका तोच लाखाचा. आता तोट्याची शक्यता शंभरात सुमारे तेवीस. माणूस तोच, खेळ तोच, पत्ते तेच. नालेने त्याचा नफा कमी केला एवढंच नाही, तो चांगला खेळतो की नाही हे ओळखायला लागणारा काळही कितीतरी लांबवला. दोन वर्षं सतत हरल्यावर आपण खरंच वाईट खेळतो की नशीब फिरलं आहे, हे त्याला सांगता येत नाही. नियमित खेळणाऱ्याला नाल इथेच सगळ्यात खोल लागते. तिने खाल्लेले पैसे एक वेळ मोजता येतात. स्वतःच्या खेळाबद्दल तिने केलेली दिशाभूल मोजता येत नाही.

टक्केवारीची नाल सगळ्यांना सारखी पडत नाही, हेही इथे सांगायला हवं. ती जिंकणाऱ्याच्या पॉटमधून जाते. जो माणूस खूप हात खेळतो आणि लहान-लहान पॉट वारंवार जिंकतो, तो भरमसाट नाल भरतो. कारण २,००० च्या पॉटमधून पूर्ण पाच टक्के जातात, तर २०,००० च्या पॉटला ५०० ची कॅप लागते आणि दर अडीच टक्क्यांवर येतो. मोजके हात घेऊन मोठे पॉट जिंकणारा त्याच टेबलावर स्वस्तात बसतो. कॅपचं दुसरं रूप टेबलाच्या आकाराशी जोडलेलं आहे. ५०० ची कॅप ५०/१०० च्या टेबलावर पाच बिग ब्लाइंड होते, १००/२०० च्या टेबलावर अडीचच. लहान पैशांचा खेळ म्हणून सुरक्षित वाटणारं टेबल नालेच्या हिशेबात सगळ्यात महाग असतं. मोठ्या टेबलावर नाल हलकी, पण समोर बसलेले लोक जास्त तयारीचे. कुठे बसायचं हे ठरवताना या दोन गोष्टी एकत्रच तोलाव्या लागतात. टेबलावर माणसं कमी झाली की नाल आणखी जड होते. पाच जण उरले तर डाव भराभर होतात आणि तोच डबा पाचांनीच भरायचा असतो.

आता ती पन्नासाची चिप. तुम्ही बिग ब्लाइंडवर आहात, शंभर रुपये आधीच मध्ये गेले आहेत. एकाने २५० लावले, बाकीचे सगळे पत्ते टाकून मोकळे झाले, छोट्या ब्लाइंडचे पन्नासही मध्येच राहिले. तुम्हाला १५० घालून पुढे जायचं का, हा प्रश्न. घातले तर पॉट ५५० चा होतो. नाल नसेल तर १५० भागिले ५५०, म्हणजे या रकमेत तुमचा हिस्सा निदान २७ टक्क्यांच्या थोडा वर असला तर हात परवडतो. पाच टक्के बरोबर कापले तर साडेसत्तावीस रुपये जातील आणि गरज पावणेएकोणतीस टक्क्यांच्या आसपास जाईल. पण यजमान वरच्या पन्नासाला पूर्ण करतो. ५५० मधून ५० गेले. हा पाच टक्क्यांचा दर राहिला नाही, नऊ टक्क्यांचा झाला. आता १५० भागिले ५००, सरळ ३० टक्के. नालेशिवाय जे हात जेमतेम परवडत होते, ते आता तोट्याचे झाले, आणि असे हात रात्रीत कैक वेळा येतात.

म्हणून नाल असलेल्या टेबलावर जाणकार माणूस वेगळा खेळतो. बिग ब्लाइंडवरून नुसती किंमत भरून पुढे जाणं तो कमी करतो. हात घ्यायचाच तर पुन्हा वाढवून डाव फ्लॉपआधीच मिटवायचा प्रयत्न करतो, कारण फ्लॉप उघडला नाही तर डबाही उघडत नाही. दोघांचे पत्ते सारखे निघून पॉट अर्धा-अर्धा होण्याची शक्यता असेल, तर उगाच पैसे चढवत नाही. प्रत्येकी दोन हजार घातलेल्या अशा डावात दोनशे नाल जाते आणि दोघांनाही एकोणीसशेच परत मिळतात. पुस्तकातून किंवा संगणकावरून शिकलेल्या चाली नालेशिवायच्या टेबलासाठी मांडलेल्या असतील, तर त्या जशाच्या तशा वापरणं हाच तोटा ठरतो. ही चूक मी स्वतः बराच काळ करत होतो.

नालेची दुसरी पद्धत वेळेची. दर अर्ध्या तासाला किंवा तासाला प्रत्येक खुर्चीमागे ठरावीक रक्कम, आणि पॉटला हात नाही. मोठ्या टेबलांवर ही पद्धत दिसते. एकूण वसुली तेवढीच ठेवली तरी खेळ बदलतो, कारण एखादा हात घ्यावा की टाकावा या निर्णयात आता नाल येत नाही. वरच्या उदाहरणातला १५० चा प्रश्न पुन्हा २७ टक्क्यांवर येतो. मोजके हात खेळणाऱ्याला ही पद्धत महाग पडते, खूप हात खेळणाऱ्याला स्वस्त. काही ठिकाणी नालेबरोबर जॅकपॉटसाठी आणखी एक चिप काढतात. मोठा हात त्याहून मोठ्या हाताकडून हरला तर त्यातून बक्षीस देतात. ते पैसे खेळाडूंकडेच परत येतात, पण कधी आणि कुणाकडे ते सांगता येत नाही. महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाने ते गेलेच धरावेत.

वेळेचं शुल्क असो की पॉटमधली नाल, हा प्रश्न आपल्याकडे खिशापुरता नाही, तो कायद्याचाही आहे. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. त्यात जुगारगृहाची व्याख्या करताना मुख्य कसोटी अशी घातली आहे, की त्या जागेच्या मालकाच्या किंवा चालवणाऱ्याच्या नफ्यासाठी तिथे जुगाराची साधनं ठेवलेली किंवा वापरलेली असावीत, मग तो नफा जागेच्या वापराच्या आकारातून येवो वा अन्य मार्गाने. याच कायद्याच्या १३व्या कलमात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, पण पोकर त्यात बसतो का यावर देशभरातल्या न्यायालयांचं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला ती सूट नाकारली. पश्चिम बंगालच्या कायद्यात मात्र पोकरचं नाव घेऊन त्याला जुगारातून वगळलं आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आंध्र प्रदेश विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात सिकंदराबादच्या एका क्लबचा विचार केला. तिथे रमी चालायची आणि क्लब खेळणाऱ्यांकडून शुल्क घ्यायचा. रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि आरोपींची सुटका कायम केली. पण सोबत हेही नोंदवलं, की क्लब किंवा घराचा मालक पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या रमीतून नफा कमावत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. म्हणजे पत्त्यांचा खेळ कौशल्याचा आहे हे ठरल्यावरही नालेचा प्रश्न संपत नाही. नागावच्या त्या बंगल्यात धोक्याची गोष्ट हिरवी चादर नव्हती, तो स्टीलचा डबा होता. शनिवार-रविवार मुंबईकरांनी भरलेल्या किहीम, नागाव, वरसोली भागातल्या बंगल्यांत असे खेळ लावणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. खर्च वाटून घेणं आणि खेळातून नफा काढणं यांतली रेघ कायद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

महाराष्ट्रात अधिकृत कॅसिनो नाही. १९७६ साली राज्याने कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर ठेवणारा कायदा केला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळे अलिबागच्या माणसाला रीतसर पोकर खेळायचं तर गोवा. तिथल्या १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरच्या टेबलांना परवानगी मिळाली. पणजीत मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनोंचा उगम तो. पोकरचे मोठे मेळावे तिथेच भरतात आणि त्यांत मुख्य आकर्षण असतं टूर्नामेंटचं.

टूर्नामेंटमध्ये नाल पॉटमधून जात नाही, दारातच घेतली जाते. प्रवेश ११,००० असेल तर तो सहसा १०,००० + १,००० असा लिहिलेला असतो. पहिला आकडा बक्षिसाच्या निधीत, दुसरा आयोजकाला. काही ठिकाणी निधीतूनही दोन-तीन टक्के कर्मचाऱ्यांसाठी कापतात. हे बारीक अक्षरांत असतं आणि ते वाचायला हवं. खेळाडूचा परतावा मात्र पूर्ण ११,००० वर मोजायचा. एखादा खेळाडू इतका चांगला आहे की त्याच्या १०,००० मागे दीर्घकाळात सरासरी १२,५०० परत येतात. शुल्क नसतं तर २५ टक्के नफा. शुल्क धरल्यावर ११,००० वर १,५००, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. नफ्याची टक्केवारी जवळपास निम्मी झाली. बाद झाल्यावर पुन्हा प्रवेश घेतला तर शुल्क पुन्हा. तिसऱ्यांदा घेतला तर तिसऱ्यांदा. आणि ब्लाइंड भराभर वाढणाऱ्या टूर्नामेंटमध्ये कौशल्य दाखवायला डावच कमी मिळतात, तेव्हा शुल्क तेवढंच राहून कौशल्याची बाजू आक्रसते.

अलिबागहून जाणाऱ्याने यात प्रवास आणि मुक्काम घालायलाच हवा, आणि बहुतेक जण तो घालत नाहीत. समजा तीन प्रवेश घेतले. शुल्कासकट ३३,००० झाले. पणजीला जाणं-येणं, राहणं-खाणं मिळून काटकसरीने ८,०००. एकूण ४१,०००. हाच चांगला खेळाडू, याचे सरासरी परत येणारे पैसे तीन गुणिले १२,५००, म्हणजे ३७,५००. हा माणूस टेबलावर जिंकतो आणि वहीत हरतो. तीनऐवजी आठ प्रवेशांच्या तयारीने, एकाच फेरीत गेला तर आठ दीडहजारी नफ्यांचे १२,००० होतात आणि प्रवासाचे आठ हजार निघतात, जरी मुक्काम लांबल्याने ते आठही थोडे वाढतील.

उलटा वाराही कधी वाहतो. आयोजकाने बक्षीस निधी निदान दहा लाखांचा राहील अशी हमी दिली आणि प्रवेश ऐंशीच आले, तर जमतात आठ लाख. उरलेले दोन लाख आयोजक घालतो. त्याने शुल्कातून ऐंशी हजार घेतलेले असतात. खेळाडूंच्या बाजूने पाहिलं तर त्या दिवशी निव्वळ १,२०,००० बाहेरून आत आले, म्हणजे प्रत्येक प्रवेशामागे १,५०० नाल उलटी मिळाली. याला ओव्हरले म्हणतात. नोंदणी बंद होण्याच्या तासाभर आधी प्रवेशांचा आकडा पाहणारा खेळाडू याच्याच शोधात असतो.

नालेवर शेवटी सरकार बसलेलं आहे, आणि गेल्या काही वर्षांत सगळ्यात मोठा बदल तिथेच झाला. ऑनलाइन पोकरच्या काळात कंपन्या आपल्या नालेवर १८ टक्के जीएसटी भरत होत्या. शंभर रुपये नाल असेल तर कर अठराच्या आत. १ ऑक्टोबर २०२३ पासून कर खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के झाला. फरक दराचा वाटतो, पण तो मुळात आधाराचा आहे. दहा हजार भरले आणि कर त्यातच धरला, तर एकही पत्ता उघडण्याआधी २,१८७ रुपये गेले. आमच्या नागावच्या रात्रीत एका माणसाची सहा तासांची नाल सोळाशे सत्तरच्या आत होती. नालेवरचा कर तुम्ही जितका खेळाल तितका पडतो. भरण्यावरचा कर प्रत्येक वेळी पैसे भरताना पडतो. म्हणून ज्याचे पैसे वारंवार संपतात आणि जो वारंवार भरतो, त्याला हा कर सगळ्यात जड. जिंकलेल्या पैशावरच पुढे खेळत राहिलं तर त्या पैशावर पुन्हा कर नव्हता, म्हणून खात्यात पैसे राहू देण्याची सवय लोकांना लागली. बऱ्याच कंपन्यांनी हा भार काही काळ बोनस देऊन स्वतः उचलला.

ते चित्र २०२५ च्या ऑगस्टमध्ये संपलं. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारं विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झालं आणि २२ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. मोठ्या कंपन्यांनी पैशाचं पोकर लगेच थांबवलं. त्याबरोबर भरलेल्या नालेचा काही भाग महिनाअखेरीस परत करण्याची पद्धतही गेली. त्यावर अनेकांचा वार्षिक हिशेब अवलंबून होता. टेबलावर बरोबरीत राहायचं आणि परत आलेल्या नालेवर वर्ष काढायचं, असं खेळणारे कितीतरी होते. महिन्याभरात, २२ सप्टेंबर २०२५ पासून, कॅसिनोंवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला, आणि तो आकारला जातो विकत घेतलेल्या चिपांवर. चिपांच्या किमतीवर वेगळा लावला तर दहा हजारांच्या चिपांसाठी चौदा हजार. न खेळता चिपा परत केल्या तरी कराचं मूल्य कमी होत नाही. यातला किती भार खेळाडूवर टाकला जातो हे जागेनुसार बदलतं, म्हणून खिडकीपाशी पहिला प्रश्न हाच विचारायचा की इतके पैसे दिले तर हातात किती रुपयांच्या चिपा येतील. मग येतो आयकर. अशा जिंकण्यावर सपाट ३० टक्के, वर उपकर, आणि ती रक्कम मिळवायला केलेला खर्च वजा धरत नाहीत. एक मोठं बक्षीस आणि वीस रिकाम्या फेऱ्या असं वर्ष गेलं, तर कर बक्षिसावर बसतो, वीस फेऱ्या तुमच्याच राहतात.

एवढ्या थरांत आपली खरी नाल किती हे कळायचं कसं? माझी पद्धत साधी आहे. नव्या टेबलावर पहिला तास मी फार थोडे हात खेळतो आणि डीलरच्या हाताकडे पाहतो. फ्लॉपपर्यंत गेलेले डाव आणि खाली गेलेल्या चिपा मोजतो, पाच-पाचच्या रेघा वहीत मारतो. तासाअखेरीस एकूण रकमेला बसलेल्या माणसांनी भागलं आणि बिग ब्लाइंडने भागलं की त्या टेबलाचा दर मिळतो. तीन बिग ब्लाइंडच्या वर गेला तर मी सहसा उठतो, समोरचे अगदीच कच्चे नसतील तर. कापताना आकडा वर पूर्ण करतात की खाली, पॉट अर्धा झाला तरी पूर्ण नाल घेतात का, मोठ्या पॉटला कॅप पाळतात का, हेही याच तासात दिसतं. कॅप विसरली जाणं क्वचितच मुद्दाम असतं, पण विसरली जाते ती एकाच दिशेला. वहीत निकालाच्या शेजारी नालेसाठी वेगळा रकाना ठेवला, की वर्षअखेर आपण पत्त्यांवर किती हरलो आणि जागेपायी किती, हे वेगळं दिसतं. माझ्या पहिल्या पूर्ण वर्षात निकालाचा रकाना उणे ४१,००० होता आणि नालेचा ८८,०००. माझा खेळ मी समजत होतो तितका वाईट नव्हता. मी निवडलेल्या जागा वाईट होत्या.

नागावचा तो खेळ पुढेही चालू राहिला, पण डबा गेला. पुढच्या वेळी खर्च आधीच कागदावर मांडला. बंगला, जेवण आणि पत्त्यांचे दोन नवे जोड मिळून ११,७०० झाले. नऊ जणांनी बसायच्या आधी तेराशे-तेराशे रोख दिले. यजमानानेही दिले. रात्रभरात एकूण तेरा खरेद्या झाल्या, १,३०,००० रुपयांच्या. पहाटे अडीचला चिपा मोजल्या, चादरीवर दहा-दहाचे ढीग लावले. १,३०,००० भरले.